मराठवाड्याची एक सरळ रेषा

रिग्रेशनचा तक्ता संगणक क्षणात छापून देतो, आणि बहुतेक जण त्यातली एकच जागा बघतात: उजवीकडे तारे आहेत की नाहीत. तारे असले की काम झालं. पण त्या तक्त्यातले निम्मे आकडे उरलेल्या निम्म्यांतून साध्या कॅल्क्युलेटरवर काढता येतात, आणि ते एकदा काढून पाहिले की ताऱ्यांचा दरारा बराच कमी होतो. कारण तारे ज्या प्रश्नाचं उत्तर देतात तो प्रश्न पुष्कळदा कुणी विचारलेलाच नसतो.

यासाठी जालन्याचं आणि त्याच्या शेजाऱ्यांचं उदाहरण घेऊ. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांची २००१ची आणि २०११ची लोकसंख्या जनगणनेत नोंदलेली आहे. ही दोनच वर्षं निवडण्याला कारण आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ला औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग मिळून झाला, आणि हिंगोली १९९९ साली परभणीतून वेगळा निघाला. त्यामुळे त्याआधीचे आकडे घेतले तर जिल्ह्यांच्या हद्दीच जुळत नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मात्र आठही जिल्हे जागच्या जागी आहेत. जालना १६,१२,९८० वरून १९,५९,०४६ वर गेला, म्हणजे १६.१३ लाखांवरून १९.५९ लाखांवर.

बाकीचे जिल्हेही असेच लाखांत, दोन दशांश स्थळांपर्यंत घेतले आहेत. खाली x म्हणजे २००१ची लोकसंख्या आणि y म्हणजे २०११ची. क्रम असा: छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद), जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद).

```
x <- c(28.97,16.13,15.28,9.87,28.76,21.61,20.80,14.87)
y <- c(37.01,19.59,18.36,11.77,33.61,25.85,24.54,16.58)
summary(lm(y ~ x))
```

R या प्रणालीत हे टाकलं की जो तक्ता येतो त्याचा कामाचा भाग असा:

```
            Estimate Std. Error t value Pr(>|t|)
(Intercept) -1.10499    1.20548  -0.917    0.395
x            1.25504    0.05866  21.394  6.8e-07 ***

Residual standard error: 1.057 on 6 degrees of freedom
Multiple R-squared:  0.9871, Adjusted R-squared:  0.9849
F-statistic: 457.7 on 1 and 6 DF,  p-value: 6.803e-07
```

वाचायला सुरुवात खालून करावी असं माझं मत आहे. खालची पहिली ओळ सांगते की रेषेपासून जिल्हे सरासरी किती दूर पडले: १.०५७. हा आकडा y च्याच मापात असतो, म्हणजे सुमारे एक लाख सहा हजार माणसं. तो कसा आला तेही बघता येतं. प्रत्येक जिल्ह्याचा खरा आकडा वजा रेषेवरचा आकडा, म्हणजे त्याचा अवशेष, घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि आठही वर्गांची बेरीज करायची. ती ६.७०८५ येते. तिला आठाने न भागता सहाने भागायचं, कारण रेषा बसवताना आठ आकड्यांतून उतार आणि इंटरसेप्ट अशा दोन गोष्टी आधीच काढून घेतल्या. मोकळे सहाच उरले. तक्त्यातले '6 degrees of freedom', म्हणजे सहा स्वातंत्र्यमात्रा, त्या याच. ६.७०८५ भागिले ६ म्हणजे १.११८१, आणि त्याचं वर्गमूळ १.०५७.

आता वरच्या दोन ओळी. x ची ओळ उताराची. २००१ साली एखादा जिल्हा दुसऱ्यापेक्षा एक लाखाने मोठा असेल, तर २०११ साली तो सुमारे १.२५५ लाखांनी मोठा दिसतो, असं ती म्हणते. पुढचा ०.०५८६६ ही त्या उताराची प्रमाण त्रुटी. तिच्यासाठी एकच नवी गोष्ट लागते: x चे आकडे स्वतःच्या सरासरीपासून किती पसरले आहेत. आठ जिल्ह्यांची २००१ची सरासरी १९.५४ लाख. तिच्यापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ३२४.९०, तिचं वर्गमूळ १८.०२५. आता १.०५७४ भागिले १८.०२५ म्हणजे ०.०५८६६. रेषेभोवतीचा विखुरलेपणा वर आणि x चा पसारा खाली, एवढीच ही त्रुटी. हिंगोली ९.८७ लाखांचा आणि नांदेड २८.७६ लाखांचा, असे लहानमोठे जिल्हे एकत्र असल्यामुळेच उतार इतका नेमका मिळाला. सगळे जिल्हे जालन्याएवढेच असते तर खालचा आकडा लहान राहिला असता आणि त्रुटी फुगली असती.

टीचा स्तंभ तर नुसता भागाकार आहे. १.२५५०४ भागिले ०.०५८६६ करून बघा. २१.३९५ येतात, तक्त्यात २१.३९४ आहेत. हा फरक चूक नव्हे; छापलेले आकडे पाचव्या दशांश स्थळावर तोडलेले आहेत, संगणक आत पूर्ण आकडा वापरतो. पण एखाद्या अहवालात गुणांक ०.४२, त्रुटी ०.३० आणि टी २.४ असं छापलेलं दिसलं तर ते तोडण्याने झालेलं नाही. भागाकार १.४ आहे, म्हणजे तिन्हींपैकी एक आकडा नक्कीच चुकीचा टंकला गेला. अहवाल तपासायची यापेक्षा स्वस्त कसोटी मला माहीत नाही.

दुसरी एक जुळणीही करून पाहावी. चल एकच असेल तर शेवटच्या ओळीतला एफ हा उताराच्या टीचा वर्ग असतो. २१.३९४ चा वर्ग ४५७.७. म्हणून शेवटची ओळ आणि x ची ओळ इथे एकच गोष्ट दोनदा सांगतात. दोन वेगळे पुरावे मिळाले असं समजू नये.

शेवटचा स्तंभ पी-मूल्याचा. इथे आधी एक साधी गफलत टाळू. 6.8e-07 म्हणजे सहा पूर्णांक आठ नव्हे. दशांश चिन्ह सात घरं डावीकडे न्यायचं, म्हणजे ०.०००००००६८ नव्हे तर ०.००००००६८. हे शून्य मोजताना एखादं जास्तीचं सहज पडतं, म्हणून मोजून बघावं: चिन्हानंतर सहा शून्यं आणि मग ६८.

पी-मूल्य कागदावर काढण्याची जुनी रीत म्हणजे संख्याशास्त्राच्या पुस्तकामागचा टीचा तक्ता. सहा स्वातंत्र्यमात्रांच्या ओळीत, दोन्ही बाजू धरून, ४० टक्क्यांखाली ०.९०६, ५ टक्क्यांखाली २.४४७, १ टक्क्याखाली ३.७०७ आणि ०.१ टक्क्याखाली ५.९५९ असे आकडे असतात. इंटरसेप्टचा टी चिन्ह सोडून ०.९१७ आहे, म्हणजे ०.९०६ च्या किंचित पुढे. तेव्हा पी ४० टक्क्यांच्या किंचित आत असणार. R चा तक्ता ०.३९५ म्हणतो. पटलं.

पण स्वातंत्र्यमात्रा सम असतील तर तक्त्याचीही गरज नाही. सहासाठी नेमकं सूत्र एवढंच आहे:

```
c = 6 / (6 + t^2)
p = 1 - sqrt(1 - c) * (1 + c/2 + 3*c^2/8)
```

इंटरसेप्टचा टी घालून बघू. ०.९१६६ चा वर्ग ०.८४०. c झाला ०.८७७२. वर्गमूळ ०.३५०५, कंस १.७२७१, गुणाकार ०.६०५३, आणि एकातून वजा केल्यावर ०.३९४७. तक्त्यातला ०.३९५ हाच. ज्यांना पी-मूल्य म्हणजे संगणकाच्या पोटातली काही गूढ वस्तू वाटते त्यांनी हे एकदा हाताने करावं.

उताराच्या टीला मात्र हेच सूत्र आठ अंकी कॅल्क्युलेटरवर दगा देतं. गुणाकार ०.९९९९९९३ असा एकाच्या अगदी जवळ येतो आणि वजाबाकीत कामाचे अंक निसटतात. टी असा मोठा असेल तेव्हा 5*c^3/16 एवढंच काढावं. c इथे ०.०१२९३९, त्याचा घन ०.०००००२१६६, आणि उत्तर ०.००००००६७७. तक्त्यातल्या ०.००००००६८०च्या अगदी शेजारी.

सहा मात्रांना २.४४७ का आणि सगळीकडे ऐकू येणारा १.९६ का नाही, याचं श्रेय डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातल्या विल्यम गॉसेटला जातं. त्याच्याकडे नमुने मोजकेच असत. विखुरलेपणा मोजक्याच निरीक्षणांतून काढला की तो स्वतःच डळमळीत असतो, आणि त्यासाठी जास्तीची मोकळीक ठेवावी लागते, हे त्याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडलं. आठ जिल्ह्यांच्या तक्त्यावर १.९६ वापरला तर अंतराल पाचव्या हिश्श्याने आखूड निघतो.

तो अंतराल तक्ता छापत नाही, आपणच काढायचा. उतारासाठी २.४४७ गुणिले ०.०५८६६ म्हणजे ०.१४४. १.२५५ मधून ते वजा आणि त्यात ते मिळवून ९५ टक्क्यांचा अंतराल १.११ ते १.४० येतो. इंटरसेप्टसाठी २.४४७ गुणिले १.२०५ म्हणजे २.९५, आणि अंतराल उणे ४.०५ ते १.८४.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. टी २१ आणि त्यापुढे तीन तारे. याचा अर्थ काय? उतार शून्य असता तर एवढा मोठा टी योगायोगाने मिळणं जवळजवळ अशक्य होतं. पण उतार शून्य म्हणजे काय, तर २००१ साली जिल्हा लहान होता की मोठा याचा २०११च्या आकड्याशी काहीही संबंध नाही. हिंगोली आणि नांदेड दहा वर्षांनी कसेही असू शकतात. असं मानणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. तक्त्याने कुणीच न उभा केलेला पहिलवान चीत केला आणि तीन तारे लावून घेतले. ०.९८७१ या R-squared चंही तेच. माणसं दहा वर्षांत बहुतांशी आहे त्या जिल्ह्यात राहतात, एवढंच तो सांगतो.

खरे प्रश्न दोन आहेत, आणि त्यांची टी-मूल्यं तक्त्यात नाहीत. पहिला: लहानमोठ्या सगळ्या जिल्ह्यांत सारखीच माणसं वाढली का? तसं असेल तर उतार १ हवा. प्रत्येक जिल्हा तेवढाच वर सरकला, फरक तसेच राहिले. दुसरा: सगळे जिल्हे सारख्याच दराने वाढले का? आठ जिल्ह्यांची बेरीज १५६.२९ लाखांवरून १८७.३१ लाखांवर गेली, म्हणजे १.१९८ पट. तेव्हा दर सारखा असेल तर उतार सुमारे १.२ आणि इंटरसेप्ट शून्य हवा.

टी काढायची रीत तीच, फक्त शून्याऐवजी आपला आकडा वजा करायचा. पहिल्या प्रश्नाला १.२५५०४ वजा १, भागिले ०.०५८६६. टी आला ४.३५. टीच्या तक्त्यात तो ३.७०७ आणि ५.९५९च्या मधे बसतो, म्हणून पी १ टक्का आणि ०.१ टक्का यांच्या दरम्यान, सूत्राने ०.००४८. सारखीच माणसं वाढली हे म्हणणं टिकत नाही. दुसऱ्या प्रश्नाला १.२५५०४ वजा १.२, भागिले ०.०५८६६. टी ०.९४, पी ०.३८. उतार १.२ असण्याला या आकड्यांचा विरोध नाही. त्याच ओळीतला २१ चा टी आपल्या प्रश्नाला लावला की एकावर उतरला.

अंतराल आधीच काढला असता तर हे दोन्ही एका नजरेत दिसलं असतं. १.११ ते १.४० मध्ये १ नाही, १.२ आहे. अंतराल म्हणजे ज्या ज्या उतारांना हे आकडे ५ टक्क्यांच्या पातळीवर नाकारत नाहीत त्यांची सलग यादी. म्हणून मला पी-मूल्यापेक्षा तो जास्त कामाचा वाटतो. प्रश्न नंतर सुचला तरी उत्तर तयार असतं.

इंटरसेप्टच्या ओळीला तारा नाही म्हणून ती ओळ फेकून द्यायची घाईही नको. उणे १.१ लाख हा आकडा शून्य लोकसंख्येच्या जिल्ह्याचा आहे, आणि असा जिल्हा कुठे नाही. पी ०.३९५ म्हणजे इंटरसेप्ट शून्य आहे हे सिद्ध झालं असंही नव्हे. त्याचा अंतराल जवळजवळ सहा लाख रुंद आहे. शून्याला जागा आहे, तशी उणे तीन लाखांनाही आहे. शिवाय उतार आणि इंटरसेप्ट एकमेकांना बांधलेले असतात, रेषा जास्त चढवली की तिचं टोक खाली जातं. म्हणून 'उतार १.२ आणि इंटरसेप्ट शून्य' ही जोडी एकत्रच तपासावी. नुसती १.२ पटीची रेषा ओढली तर अवशेषांच्या वर्गांची बेरीज ६.७१ वरून ७.७० होते. संगणकाची रेषा त्याहून फार सरस नाही.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. आठ जिल्हे हा नमुना नाही. मराठवाडा तेवढाच आहे. मग योगायोग कशाचा आणि प्रमाण त्रुटी कशाची? माझ्या मते उत्तर असं की आपण जिल्हे नव्हे, ते दशक नमुना म्हणून घेतो आहोत. कारखाने, दुष्काळ, लग्नं, स्थलांतर यांनी आकडे थोडे इकडेतिकडे ढकलले, ते जरा वेगळे ढकलले असते तर रेषा किती हलली असती, हे ती त्रुटी सांगते. ही कल्पना मान्य नसेल तर पी-मूल्याला इथे अर्थ नाही. रेषा मात्र वर्णन म्हणून राहते. आणि कल्पना मान्य केली तरी दोन अटी लंगड्या आहेतच. एकमेकांना लागून असलेले जिल्हे स्वतंत्र नसतात. जालन्याचा माणूस कामासाठी संभाजीनगरला गेला तर दोन्हीकडचे अवशेष एकदम हलतात. दुसरं म्हणजे मोठ्या जिल्ह्यांचे अवशेष मोठे आहेत: संभाजीनगर अधिक १.७६ लाख, नांदेड उणे १.३८ लाख, तर परभणी आणि बीड तीस हजारांच्या आत. १.०५७ हा एकच आकडा सगळ्यांवर लादणं फारसं न्याय्य नाही.

त्यातही संभाजीनगर वेगळा काढून बघायलाच हवा. x मध्ये तो सगळ्यात उजवीकडे आहे आणि रेषेच्या सगळ्यात वरही. टोकाचा बिंदू रेषेला आपल्याकडे ओढतो; मधला बिंदू तेवढाच दूर असता तर उतार फारसा हलला नसता. दहा वर्षांत तो जिल्हा २७.८ टक्क्यांनी वाढला, जवळपास तेवढाच मोठा नांदेड १६.९ टक्क्यांनी. तो वगळून सात जिल्ह्यांवर गणित पुन्हा केलं की उतार १.२५५ वरून १.१७० वर येतो, विखुरलेपणा १.०५७ वरून ०.५६१ वर, आणि प्रमाण त्रुटी ०.०३७६ होते. आता स्वातंत्र्यमात्रा पाचच आहेत, म्हणून गुणक २.५७१. अंतराल १.०७ ते १.२७. एक अजूनही बाहेर आहे, १.२ अजूनही आत आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरं बदलली नाहीत, म्हणून त्यांच्यावर थोडा विश्वास ठेवता येतो. पण '१.२५५' हा आकडा स्वतः जवळपास एका जिल्ह्याची देणगी होती. म्हणून तो जिल्हा वगळलेला तक्ताच खरा असं मात्र म्हणू नये. संभाजीनगर वाढला ही घटना आहे, टंकनातली चूक नाही.

जालन्याचं स्थान दोन्ही तक्त्यांत वेगळं दिसतं. आठ जिल्ह्यांच्या रेषेवर २०११ला जालना १९.१४ लाखांवर असायला हवा होता, तो ४५ हजारांनी वर निघाला. विखुरलेपणाच्या हिशेबात हे ०.४३ एवढंच. सात जिल्ह्यांच्या रेषेवर अपेक्षा १९.०६ लाखांची होते, फरक ५३ हजारांचा, आणि रेषाच आता घट्ट असल्यामुळे तो विखुरलेपणाच्या ०.९४ पट भरतो. टक्केवारीत बघितलं तर २१.५ टक्के वाढीने जालना त्या दशकात मराठवाड्यात संभाजीनगरखालोखाल दुसरा होता, आणि तरीही दोन्ही तक्त्यांत त्याचा अवशेष एका विखुरलेपणाच्या आतच राहतो.